आमलेट्याचा गळा

1855 साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मान्युएल गार्सिया या गानशिक्षकाचा एक निबंध वाचला गेला. दातांच्या डॉक्टरांचा लांब दांड्याचा छोटा आरसा घशात धरायचा, दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडायचं आणि स्वतःचेच स्वरतंतू गाताना पाहायचे, असा प्रयोग त्याने केला होता. गाणाऱ्या माणसाने आपला गळा आतून पाहिल्याची ही पहिली नीट नोंद. त्याच वर्षी, 1855 मध्ये, राजस्थानातल्या उणियारा इथे अल्लादियाखाँ जन्मले. पुढे तरुण वयात त्यांचा आवाज गेला. पण त्यांचा गळा आरशात कुणी पाहिल्याची नोंद मला कुठे सापडलेली नाही.

ही हकीकत महाराष्ट्रातल्या गाणं ऐकणाऱ्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. रतलामजवळ आमलेटा नावाचं छोटं संस्थान होतं. तिथल्या अधिपतीला गाण्याचं विलक्षण वेड. त्याच्यासमोर खाँसाहेब दिवसचे दिवस, रोज कित्येक तास गायले आणि त्यांचा गळा बसला. बराच काळ त्यांना गाताच आलं नाही. आवाज परत आला तेव्हा तो पूर्वीचा मोकळा, गोड आवाज नव्हता. मग त्यांनी उरलेल्या आवाजाला झेपेल अशी, लयीच्या अंगाने वळणं घेत जाणारी पेचदार गायकी घडवली. पुढे ते कोल्हापूरला शाहू महाराजांच्या दरबारी आले आणि जयपूर-अत्रौली घराणं महाराष्ट्राचं झालं.

मी ही गोष्ट त्यागाची कथा म्हणून ऐकत आले होते. ती स्वरयंत्राची कथा म्हणून ऐकायला मला माझा गळा बसावा लागला.

मी नोएडातल्या एका शाळेत इतिहास शिकवते आणि आठवड्यातून दोनदा दिल्लीत याच घराण्याची तालीम घेते. वर्गात पंचेचाळीस मुलं, डोक्यावर चार पंखे, खिडकीबाहेर रस्ता. एका नोव्हेंबरमध्ये, धुरक्याच्या दिवसांत, दुपारनंतर माझा आवाज जड होऊ लागला. सर्दी असेल म्हणून वाफ घेतली, ज्येष्ठमध चघळला. सकाळी आवाज बरा असे, पाचव्या तासाला पुन्हा घोगरा. पण खरी खूण तालमीत दिसली. तार षड्ज जोरात लावला तर लागत होता. हळू लावायला गेलं की आधी नुसती हवा येई आणि क्षणभराने सूर. ‘जोरात येतो ना, मग गळा ठीक आहे,’ अशी मी समजूत घातली. नेमकं उलटं होतं. स्वरतंतूंच्या कडेला सूज आली की पहिल्यांदा जातो तो वरचा हळुवार स्वर, कारण त्याला अगदी पातळ, लवचीक कड लागते. जोर लावून आपण ती उणीव झाकतो आणि सूज वाढवतो.

घोगरेपणा चार आठवडे टिकला तर स्वरयंत्र पाहून घ्यावं, असा आज वैद्यकातला सर्वसाधारण संकेत आहे. मी सहाव्या आठवड्यात गेले. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घातली आणि लुकलुकणारा प्रकाश लावला. बाईचे स्वरतंतू बोलताना सेकंदाला दोनशेच्या आसपास वेळा थरथरतात, साध्या डोळ्याला ते दिसत नाही. त्या प्रकाशामुळे पडद्यावर ती थरथर संथ झालेली दिसते. दोन फिकट पट्ट्या जवळ येत होत्या, आणि दोन्हींच्या कडेवर अगदी समोरासमोर, तांदळाच्या कणीएवढे दोन उंचवटे होते. आधी ते एकमेकांना भिडत आणि त्यांच्या पुढे-मागे फट राहून जाई. मिटलेल्या स्वरतंतूंमध्ये डमरूचा आकार दिसत होता. माझ्या सुरातली हवा त्या फटींतून सुटत होती.

हे उंचवटे तिथेच का येतात, याचं उत्तर सोपं आहे. स्वरतंतूचा मागचा भाग कूर्चेचा असतो. थरथरतो तो पुढचा भाग, आणि त्या थरथरणाऱ्या भागाच्या मध्यावर टक्कर सर्वांत जोरात बसते. वर पातळ त्वचा, तिच्याखाली जेलीसारखा मऊ थर, त्याखाली स्नायू अशी स्वरतंतूची घडण आहे. टकरी वाढल्या की आधी मऊ थरात पाणी साठतं. या टप्प्यावर आवाजाला उसंत मिळाली तर ते ओसरतं. उसंत न देता रोज तेच चालू राहिलं, तर त्वचा आणि तिच्या तळाचा थर जाड होत जातो. सतारियाच्या बोटाला घट्टा पडतो तसाच हा प्रकार. फरक एवढाच, की बोटाचा घट्टा कामाला येतो आणि हा काम बिघडवतो.

मी घरी येऊन हिशेब मांडला. चाळीस मिनिटांचे सहा तास म्हणजे चार घड्याळी तास. त्यातला जेमतेम चौथा हिस्सा प्रत्यक्ष आवाज उमटत असेल असं धरलं, तर एक तास, म्हणजे 3600 सेकंद. वर्गात आवाज चढलेला असतो, तेव्हा सेकंदाला अडीचशे थरथरी. शाळेतच नऊ लाख टकरी झाल्या. संध्याकाळच्या तासाभराच्या रियाजात अर्धा तास आवाज लागला आणि सेकंदाला तीनशे धरल्या, तर आणखी पाच लाख चाळीस हजार. हा माझा ढोबळ अंदाज, पण त्यावरून एक गोष्ट कळते. पुरुषाचा बोलण्याचा स्वर खालचा, म्हणून तेवढ्याच बोलण्यात त्याच्या टकरी जवळजवळ निम्म्या. अशा गाठी शिक्षिकांमध्ये आणि गायिकांमध्ये जास्त आढळतात, त्याचं हे एक कारण.

‘काढून टाका,’ असं मी डॉक्टरांना म्हटलं. ते नाही म्हणाले. गाठी सवयीने आल्या असतील, तर सवय तीच ठेवून त्या काढल्या की पुन्हा येतात. शिवाय कापलेल्या जागी व्रण राहिला तर ती कड कायमची ताठ होते. त्यांनी मला स्पीच थेरपिस्टकडे पाठवलं.

तिथे मला वाटलं होतं, आता महिनाभर मौन. पण पहिल्याच दिवशी थेरपिस्ट म्हणाल्या, ‘‘मॅडम, चुप नहीं रहना है, ठीक से बोलना है. और फुसफुसाना बिल्कुल नहीं.’’ मौनाने सूज उतरते, पण बोलण्याची पद्धत जशीच्या तशी राहते. शाळेत परतल्यावर आठवड्यात सगळं पूर्ववत. आणि कुजबुजताना बहुतेक माणसं गळा आवळतात. पहिल्या दिवशी त्यांनी मला एका श्वासात ‘आ’ लांबवायला लावला. नऊ सेकंदांत श्वास संपला. मग ‘स्‌’ आणि त्याचाच घोष जोडीदार ‘ज़्‌’ लांबवायला सांगितलं. ‘स्‌’ अठरा सेकंद टिकला, ‘ज़्‌’ अकरा. ‘स्‌’ला स्वरतंतू मिटावे लागत नाहीत, ‘ज़्‌’ला लागतात. म्हणजे माझा श्वास पुरेसा होता, तो मिटण्यात गळत होता.

मुख्य व्यायाम पोरकट वाटावा असा होता. पेल्यात पाणी, त्यात दोन बोटं बुडेल इतकी नळी, आणि नळीतून ‘ऊ’ म्हणत बुडबुडे काढायचे. मग त्याच बुडबुड्यांत सूर खालून वर आणि वरून खाली सरकवायचा. तोंड असं अर्धवट बंद असलं की नळीतला हवेचा दाब उलट मागे येतो, स्वरतंतूंना किंचित दूर धरतो, आणि ते न आदळता थरथरतात. दिवसातून पाच-सहा वेळा, दोन-दोन मिनिटं. त्यानंतर ओठ मिटून गुणगुणणं, ओठांवर आणि नाकाच्या मुळाशी कंप जाणवेपर्यंत. तोच कंप टिकवून ‘मामा’, ‘मनात’, ‘मान मोडून’ असे शब्द, मग वाक्यं, मग इतिहासाच्या पुस्तकातला एक परिच्छेद. वर्गासाठी कमरेला लावायचा छोटा ध्वनिवर्धक घेतला. मुलांना गप्प करायला ओरडण्याऐवजी टाळी. घसा खाकरण्याऐवजी घोटभर पाणी.

गाण्यात मात्र एक गोष्ट सोडावी लागली. मी काळी पाचमध्ये गात असे, कारण बरोबरची मुलगी त्या पट्टीत गायची. ते काळी चारवर आणलं. माझ्या बाईंनी तंबोरा उतरवताना काही विचारलं नाही, फक्त म्हणाल्या, ‘‘आता तुझ्या गळ्यात गा.’’

आठ आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण घातली. एक उंचवटा जवळजवळ सपाट, दुसरा निम्मा. डमरूची जागा मागच्या बारीक फटीने घेतली होती. ‘आ’ पंधरा सेकंद टिकला. हळू तार षड्ज हवेशिवाय लागायला आणखी दोन महिने गेले.

मग मी आमलेट्याकडे परतले. खाँसाहेबांना नेमकं काय झालं होतं, ते सांगता येत नाही. गाठी असत्या तर त्या हळूहळू आल्या असत्या आणि गाण्याची रीत बदलल्यावर बऱ्याच अंशी उतरल्याही असत्या. अतिश्रमात अचानक जाणारा आवाज वेगळा; तेव्हा स्वरतंतूतली बारीक रक्तवाहिनी फुटण्याची शक्यता असते, आणि तिथे आजही पूर्ण मौनच सांगतात. पूर्वीचा गोडवा कायमचा गेला, हे व्रणाकडे बोट दाखवतं. पण हा तर्क झाला, निदान नव्हे. आणि पेचदार गायकी केवळ बिघडलेल्या गळ्यातून आली असं म्हणणंही अर्धवट ठरेल. घरची ध्रुपदाची शिस्त आणि अनवट रागांचा साठा त्यांच्याकडे आधीपासून होता. केसरबाई केरकरांनी तीच गायकी भरदार, खुल्या आवाजात गायली, तेव्हा ती काही जखमी गळ्याची मक्तेदारी नव्हती.

याच घराण्यात, खाँसाहेबांच्या शिष्या मोगूबाई कुर्डीकरांच्या मुलीवर, किशोरी आमोणकरांवरही ऐन तारुण्यात आवाज जाण्याची वेळ आली. सुमारे दोन वर्षं त्या गाऊ शकल्या नाहीत. पुण्याच्या सरदेशमुख महाराजांच्या आयुर्वेदिक उपचारांनी आवाज परत आला, असं त्या सांगत. त्या काळात त्या मनातल्या मनात गात राहिल्या. 3 एप्रिल 2017 रोजी त्या गेल्या, त्याच्या आठवडाभर आधी त्या इथे, दिल्लीत गायल्या होत्या.

दोन्ही हकीकती आपण आवाज परत येण्याच्या म्हणून सांगतो. माझ्या पेल्यातल्या बुडबुड्यांनी मला त्यांतला मधला भाग दाखवला. आवाज परत आला तरी जुनी रीत त्याच्याबरोबर परत आणता येत नाही. आमलेट्याहून निघालेल्या तरुण गवयाला हे कुणी सांगितलं नव्हतं. त्याने ते आपल्या गळ्याला विचारून ठरवलं.

रोज सकाळी शाळेची बस येण्याआधी मी स्वयंपाकघरात नळी घेऊन उभी असते. मुलगा म्हणतो, आई दूध उकळतेय.