माजघराची सहा माणसे : सहनिवासाच्या विनोदाचा एक इतिहास

जालना जिल्ह्यातील परतूर तालुक्यातल्या आष्टीसारख्या गावात परक्या माणसाला प्रथम त्याचे नाव विचारले जात नाही. ‘कुणाकडं आलात?’ असे विचारले जाते. या प्रश्नात एक गृहीत आहे. माणूस कुठे राहतो, हे सांगायचे तर तो कुणाचा आहे, हे सांगावे लागते. वाडा, गल्ली, आडनाव आणि नाते ही तेथे एकाच उत्तराची अंगे असतात. याच गावातला मुलगा शिक्षणासाठी छत्रपती संभाजीनगरला किंवा पुण्याला जातो, तेव्हा तो ‘रूम करून’ राहतो आणि मेस लावतो. त्याच्याबरोबर राहणाऱ्याला ‘रूम पार्टनर’ हा शब्द वापरला जातो. भाषेजवळ या नात्यासाठी स्वतःचा शब्द नसावा, ही गोष्ट किरकोळ नाही. शहरी सदनिकेत एकत्र राहणाऱ्या मित्रांवरील विनोदी मालिका ज्या अडचणीवर उभ्या असतात, तिचे मूळ या अभावातच शोधावे लागते. हे लोक येथे कोण म्हणून राहतात, ही ती अडचण होय.

मुंबईत परक्यांनी एकत्र राहणे नवे नव्हते. गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेले कामगार एका खोलीत दहा-दहा, पंधरा-पंधरा राहत. पाळ्यांप्रमाणे झोपत आणि खाणावळीत जेवत. परंतु या खोल्या बहुधा गावाच्या असत. गोव्याच्या ख्रिस्ती लोकांचे धोबीतलावच्या परिसरातील ‘कूड’देखील गावांच्या नावाने ओळखले जात. म्हणजे शहरातही ‘कुणाबरोबर राहतोस?’ याचे उत्तर गावच देत होते. पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) मधील माणसे परस्परांना कितीही सहन करीत असली, तरी प्रत्येकाचे बिऱ्हाड स्वतंत्र आहे. तेथील विनोद शेजाराचा आहे, सहनिवासाचा नाही. ‘बिऱ्हाड’ म्हटले की कुटुंब आलेच. एकट्या माणसाचे बिऱ्हाड म्हणजे व्याकरणात बसणारी, पण कानाला खटकणारी गोष्ट.

निवडलेल्या मित्रांनी एकत्र राहण्याचा प्रश्न मराठी विनोदात ठसठशीतपणे येतो तो ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) या चित्रपटात. सचिन पिळगांवकर यांनी दिग्दर्शित केलेल्या आणि वसंत सबनीस यांनी लिहिलेल्या या चित्रपटाचा आधार हृषीकेश मुखर्जी यांचा ‘बीवी और मकान’ (१९६६) हा हिंदी चित्रपट होता. हा चित्रपट आहे, मालिका नव्हे, ही हरकत रास्त आहे. तथापि मराठी प्रेक्षकाला या प्रकारच्या विनोदाची रीत शिकवली ती याच कृतीने. पुण्यात भाड्याने राहणाऱ्या धनंजय मानेकडे आधी धाकटा भाऊ शंतनू येतो, मग सुधीर आणि परशुराम हे मित्र येतात. विश्वासराव सरपोतदार हा मालक धनंजयला घराबाहेर काढतो. नंतर सापडणारे घर लीलाबाई काळभोर यांचे. त्या केवळ विवाहित जोडप्यांनाच जागा देतात. म्हणून परशुराम हा धनंजयची पत्नी पार्वती होतो आणि सुधीर हा शंतनूची पत्नी सुधा होतो.

या रचनेचा हिशेब नीट मांडून पाहावा. देह चार आहेत. पण सुधीर आणि परशुराम यांना पुरुष म्हणूनही वावरायचे असल्यामुळे कथानकात चार पुरुष आणि दोन स्त्रिया अशा सहा व्यक्ती वावरतात. हे सहाजण एका वेळी एका जागी कधीही येऊ शकत नाहीत. सुधीर समोर आला की सुधा कुठे तरी गेलेली असली पाहिजे. पार्वतीला हाक आली की परशुराम घरात नसला पाहिजे. प्रत्येक नवा पाहुणा म्हणजे ‘आता घरात कोण आहे?’ या प्रश्नाची नवी फेरी होय, आणि प्रत्येक फेरीत एक खोटे सावरण्यासाठी दुसरे रचावे लागते. धनंजय माने येथेच राहतात काय, ही या चित्रपटातील साधी पृच्छा पुढे मराठी बोलण्यात रूढ झाली. तिचे श्रेय अशोक सराफ व लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या अभिनयाला दिले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या पृच्छेत साऱ्या कथानकाचे बीजही आहे, हे सहसा लक्षात घेतले जात नाही.

लीलाबाईंची अट कायद्यातून आलेली नाही. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडेवाढ रोखली आणि भाडेकरूला घरातून काढणे अवघड केले. १९७३ च्या दुरुस्तीने तर १ फेब्रुवारी १९७३ रोजी परवान्याने राहत असलेल्यांनाही भाडेकरूचे संरक्षण मिळाले. एकदा आत आलेला माणूस बाहेर जाईलच याची खात्री मालकाला उरली नाही. साहजिकच घरात कोणाला घ्यावे, याची पारख कडक झाली. कायदा भाडेकरूच्या वैवाहिक स्थितीविषयी मौन पाळतो. मालक मात्र नेमका तोच प्रश्न विचारतो, कारण कुटुंबवत्सल माणसाची चौकशी करता येते, त्याच्या सासर-माहेरचा पत्ता असतो. नंतर १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने (अंमल ३१ मार्च २००० पासून) परवान्याचा करार लेखी व नोंदणीकृत असणे आवश्यक केले. मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्याकडून दुप्पट दराने नुकसानभरपाई घेण्याची तरतूदही त्यात आहे. मालकाची भीती त्यामुळे पुष्कळ कमी झाली. ‘बॅचलरला जागा नाही’ हे वाक्य मात्र गेले नाही. आता ते बहुधा सोसायटीच्या तोंडी असते.

विनोदासाठी भाडेकरूने खोटे बोलण्याची ही युक्ती केवळ आपली नव्हे. ब्रिटिश ‘मॅन अबाउट द हाउस’ (१९७३) वरून बेतलेल्या ‘थ्रीज कंपनी’ (१९७७–८४) या अमेरिकन मालिकेत दोन तरुणींबरोबर राहता यावे म्हणून नायक समलिंगी असल्याचे मालकाला भासवले जाते. ‘फ्रेंड्स’ (१९९४–२००४) मध्ये मालकाचा हा प्रश्न जवळजवळ नाहीसा होतो. अपवाद आहे तो भाड्याचा. मोनिकाची सदनिका तिच्या आजीच्या नावावर, भाडे नियंत्रणाखालील असते आणि ती बेकायदा पोटभाड्याने राहते. मुंबईच्या पागडीच्या घरात वारलेल्या आजोबांच्या नावाची पावती फाडणाऱ्या वाचकाला न्यूयॉर्कमधला हा प्रकार परका वाटू नये. त्या मालिकेतला निवासाचा खेळ एरवी निराळा आहे. कोण कुठे राहते हे तेथे लपवायचे नसते, बदलायचे असते. १९९८ मधील एका भागात एकमेकांविषयीच्या माहितीच्या पैजेवर समोरासमोरच्या दोन सदनिकांची अदलाबदल होते. ज्याने दुसऱ्याला अधिक ओळखले, त्याला मोठे घर. ओळख हेच जागेचे मूल्य ठरते.

झी मराठीवरील ‘दिल दोस्ती दुनियादारी’ (मार्च २०१५ ते फेब्रुवारी २०१६) या मालिकेला प्रसारणकाळातच ‘फ्रेंड्स’चा मराठी अवतार म्हटले गेले. सहा तरुण, तीन मुलगे व तीन मुली, मुंबईतली एक सदनिका. तुलना सुचावी एवढे साम्य आहे. पण निवासाच्या अंगाने पाहिले तर ती फसवी आहे. ‘फ्रेंड्स’च्या आरंभी स्त्रिया व पुरुष वेगवेगळ्या घरांत राहतात, मध्ये जिना आणि दोन दारे असतात. सुजय, आशुतोष, कैवल्य, रेश्मा, मीनल आणि अ‍ॅना मात्र एकाच छताखाली राहतात. या बाबतीत मराठी मालिका अमेरिकन मालिकेच्या पुढे गेलेली दिसते. हे तिला कशाच्या बळावर साधले?

उत्तर त्या घराच्या नावात आहे. या सदनिकेला ‘माजघर’ म्हटले आहे. जुन्या घरात ओटी वा पडवी परक्यांसाठी, दिवाणखाना मानाच्या पाहुण्यांसाठी. माजघर मधले. तेथे घरचेच लोक येत, बायकांचा वावर तेथे असे, आणि बाहेरच्या पुरुषाने त्याचा उंबरा ओलांडणे म्हणजे तो घरचा झाल्याची खूण असे. एकमेकांशी रक्ताचे वा लग्नाचे नाते नसलेल्या सहा माणसांच्या घराला हे नाव देणे म्हणजे प्रेक्षकाच्या मनातील प्रश्नाला आधीच उत्तर देणे होय. ही माणसे परस्परांची कोण? घरची. लीलाबाईंना जे उत्तर लुगडे नेसून द्यावे लागले, ते येथे एका शब्दाने दिले गेले. मात्र त्याची किंमतही पडते. माजघर हे आपलेपणाचे स्थान होते, तसेच ते निर्बंधांचेही होते. सहा तरुणांची मैत्री स्वतंत्र नाते म्हणून नव्हे, तर कुटुंबाची प्रतिकृती म्हणून स्वीकारली जाते, आणि मालिकेतील धीट वाटणारी गोष्ट पुष्कळशी निरुपद्रवी होते.

याला छेद देणारे पात्र म्हणजे रेश्मा. ती विवाहित आहे, पण पतीबरोबर नव्हे तर मित्रमैत्रिणींबरोबर राहते. ‘बनवाबनवी’तील चौघे विवाहित नसताना विवाहित म्हणून राहतात. रेश्मा विवाहित असूनही विवाहितेसारखी राहत नाही. पहिल्या कृतीत घर मिळावे म्हणून लग्नाचे सोंग आहे. दुसरीत लग्न खरे आहे, पण त्याने घर दिलेले नाही, म्हणून आसरा मैत्रीने द्यावा लागतो. सत्तावीस वर्षांत प्रश्नकर्ता बदलला. मालक बाजूला झाला आणि त्याच्या जागी नातेवाईक आले. मालिकेतील सर्वांत गंभीर प्रसंगद्रव्य रेश्माच्या वाट्याला यावे हे यामुळे स्वाभाविक वाटते. ‘ती कुठे राहते?’ या प्रश्नाचे कागदावरचे उत्तर आणि खरे उत्तर तिच्याच बाबतीत वेगळे आहे.

रूपबंधाची मर्यादाही नोंदवायला हवी. ‘फ्रेंड्स’चे दहा वर्षांत २३६ भाग झाले. दैनंदिन मराठी मालिकेला तेवढा पल्ला एखाद्या वर्षातच गाठावा लागतो. त्यामुळे एकाच प्रसंगात पूर्ण होणारा विनोद टिकवणे कठीण जाते आणि कथानक कौटुंबिक मालिकेच्या वळणावर सरकू लागते. त्यातच बैठकीची खोली हे मुख्य नेपथ्य असल्याने खोल्यांची वाटणी, अनामत रक्कम, भांडी कुणी घासायची यांसारख्या रोजच्या व्यवहाराला दुय्यम स्थान मिळते. आष्टीहून आलेल्या मुलाच्या रूमवर भांडणे होतात ती बहुधा याच गोष्टींवरून, आणि विनोदही तेथेच असतो.

२०१७ मध्ये तेच सहा कलावंत ‘दिल दोस्ती दोबारा’ या मालिकेत वेगळ्या भूमिकांत आले. या वेळी त्यांना एकत्र बांधणारी गोष्ट घर नव्हती, तर ‘खयाली पुलाव’ नावाचे उपाहारगृह होते. भागीदारीला नाते लागत नाही. एकत्र धंदा करणाऱ्यांना तुम्ही परस्परांचे कोण, असे कोणी विचारत नाही, आणि उपाहारगृहाच्या दारात माजघराचा उंबरा नसतो.