दुष्काळ, टंचाई, दुष्काळसदृश : अनुनयी व्याख्या आणि सौम्योक्ती

शब्दाचा भावनिक भार तसाच ठेवून त्याचा अर्थ बदलणे म्हणजे अनुनयी व्याख्या. ही संज्ञा सी. एल. स्टीव्हन्सन यांनी १९३८ मध्ये रूढ केली. सौम्योक्तीत उलट घडते : वस्तुस्थिती तीच राहते, फक्त तिचे नाव मवाळ होते. दोन्हींत मूल्यनिर्णय वर्णनाचा वेश घेतो. महाराष्ट्रात याचे ठळक उदाहरण कायद्यातच आहे. १९६३ च्या अधिनियमाने राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून ‘फॅमिन’ हा शब्द वगळून ‘स्कॅर्सिटी’, म्हणजे टंचाई, आणला. कारण असे दिले की सरकारचे शेतीस्थितीवर सतत लक्ष असते आणि टंचाईची चिन्हे दिसताच मदत सुरू होते, म्हणून दुष्काळाला वावच उरत नाही. म्हणजे दुष्काळ पीक, पाणी वा भूकबळी यांवरून नव्हे, तर सरकारच्या दक्षतेवरून ठरला. आणि ‘सरकार दक्ष आहे’ हा दावा तपासणीविना कायद्यात शिरला. नऊ वर्षांनी जे आले, त्याला लोक आजही ‘बहात्तरचा दुष्काळ’च म्हणतात.

यावर आक्षेप असा की अवर्षण आणि भूकबळींचा दुष्काळ यांत फरक आहे, आणि तो करणे प्रशासनाला भागच आहे. हे मान्यच करायला हवे. पण मग निकष मोजता यायला हवा. तसा निकष कुठे लागतो आणि नाव कुठे वेगळेच बोलते, हे धाराशिव जिल्ह्यात दिसते. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्यातील ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. त्यांत वाशी, धाराशिव आणि लोहारा हे तीन होते. तालुका निवडताना पावसाबरोबर पिकांची स्थिती, जमिनीतील ओलावा, भूजल असे निर्देशांक पाहिले गेले. १० नोव्हेंबरला १,०२१ महसुली मंडळांत ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ जाहीर झाली. तिथला निकष फक्त पावसाचा : जून ते सप्टेंबरमध्ये सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी आणि एकूण ७५० मिलिमीटरपेक्षा कमी.

दोन मोजमापांना दोन नावे देणे गैर नाही. पण ‘सदृश’ हा शब्द कमी तपासणी झाली एवढेच सांगून थांबत नाही. ‘दुष्काळासारखे दिसते, पण दुष्काळ नाही’ असा निकाल देतो. जमीन महसुलात सूट, कृषिपंपांच्या वीजबिलात ३३.५ टक्के सवलत, कर्जवसुलीला स्थगिती या सवलती दोन्हीकडे लागू झाल्या. केंद्राकडे मदतीची मागणी मात्र ४० तालुक्यांसाठीच गेली. ‘फक्त पाऊस मोजून निवडलेली मंडळे’ असे लिहिले असते, तर उरलेली तपासणी कधी करणार, हा प्रश्न उघडा राहिला असता. असे नाव बदलून घेता येते, हेही घडून गेले आहे : मे २०१६ मध्ये उच्च न्यायालयात प्रकरण चालू असताना राज्य सरकारने आपल्या आदेशांतील ‘दुष्काळसदृश’ या शब्दाऐवजी ‘दुष्काळ’ असे वाचावे, हे मान्य केले. त्यासाठी नव्याने पाऊस मोजावा लागला नाही.