हायपेक (उष्ण उदरपोकळी केमोथेरपी)

हायपेक ही पोटातील कर्करोगावरील एक उपचारपद्धती आहे. उदरपोकळीच्या अस्तरावर पसरलेला कर्करोग शस्त्रक्रियेने काढून टाकल्यानंतर, त्याच भूल-अवस्थेत, गरम केलेले केमोथेरपीचे द्रावण पोटात ठरावीक वेळ फिरवले जाते. या अस्तराला पेरिटोनियम किंवा पर्युदर म्हणतात. दिसणारा सर्व कर्करोग काढण्याच्या शस्त्रक्रियेला सायटोरिडक्टिव्ह शस्त्रक्रिया असे नाव असून मराठीत तिला 'अर्बुदभार-न्यूनीकरण' असे म्हणता येईल. हायपेक हा या शस्त्रक्रियेचा उत्तरार्ध आहे. शस्त्रक्रिया अपुरी राहिल्यास केवळ औषधी द्रावणाने रोग आटोक्यात येत नाही. त्यामुळे रुग्ण या उपचारास पात्र आहे का, हा प्रश्न मुख्यतः 'सर्व रोग काढता येईल का' या प्रश्नावर येऊन ठरतो.

## पार्श्वभूमी

अपेंडिक्समध्ये श्लेष्म म्हणजे बुळबुळीत द्रव तयार करणारी गाठ वाढली आणि अपेंडिक्स फुटले, तर श्लेष्म व त्यातील पेशी पोटभर पसरतात. हळूहळू पोट जेलीसारख्या पदार्थाने भरत जाते. या विकाराला स्यूडोमिक्सोमा पेरिटोनाय म्हणतात. हा रोग रक्तावाटे यकृतात किंवा फुप्फुसात क्वचितच जातो. तो बहुधा पोटातच राहतो, आतड्यांना वेढतो आणि शेवटी अन्नमार्ग बंद करतो. मंदगतीच्या प्रकारात शिरेतून दिलेल्या केमोथेरपीचा फारसा उपयोग होत नाही. रोग एकाच पोकळीत मर्यादित असल्याने त्या पोकळीतच उपचार करण्याची कल्पना पुढे आली.

अमेरिकेतील लुईव्हिल येथे जॉन स्प्रॅट व सहकाऱ्यांनी अशा एका रुग्णाच्या पोटात गरम केमोथेरपी फिरवली आणि १९८० मध्ये त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. पुढे पॉल शुगरबेकर यांनी पेरिटोनियमचे रोगग्रस्त भाग सोलून काढण्याच्या शस्त्रक्रियांची पद्धतशीर मांडणी केली. आज रोगाचा प्रसार मोजण्यासाठी वापरला जाणारा पेरिटोनियल कर्करोग निर्देशांकही त्यांच्याच नावाशी जोडलेला आहे.

## उपचारामागील तत्त्व

पोटात सोडलेले मायटोमायसिन-सी हे औषध रक्तात सावकाश शोषले जाते. त्यामुळे पोटातील औषधाचा एकूण संपर्क रक्तातील संपर्काच्या वीसपटींच्या आसपास राहू शकतो. एवढी मात्रा शिरेतून देणे शरीराला सोसणार नाही. उष्णतेने कर्कपेशींना इजा होते आणि काही औषधांचा परिणामही वाढतो.

या पद्धतीची मर्यादाही इथेच आहे. औषध ऊतीत काही मिलिमीटर खोलीपर्यंतच पोहोचते. दोन सेंटिमीटरची गाठ मागे राहिली, तर तिच्या गाभ्याला औषधाचा स्पर्शही होत नाही. म्हणून शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या रोगाची नोंद केली जाते. डोळ्यांना काहीच दिसत नसेल तर सीसी-०, उरलेली गाठ २.५ मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर सीसी-१, त्याहून मोठी पण २.५ सेंटिमीटरपर्यंत असेल तर सीसी-२ आणि त्याहीपेक्षा मोठी असेल तर सीसी-३ असे म्हणतात. अपेंडिक्सच्या मंदगतीच्या रोगात सीसी-० किंवा सीसी-१ साधणे हे पूर्ण शस्त्रक्रियेचे लक्षण मानतात. आतड्याच्या कर्करोगात मात्र सीसी-० हेच लक्ष्य असते.

## प्रक्रिया

पोट छातीच्या हाडाखालपासून ओटीपोटापर्यंत उघडून सर्व भाग तपासले जातात. रोगाच्या प्रसारानुसार ओमेंटम म्हणजे आतड्यांवर लोंबणारा चरबीचा पडदा, श्वासपटलाखालचे अस्तर, प्लीहा, मोठ्या आतड्याचा उजवा भाग, मलाशयाचा काही भाग, गर्भाशय व अंडाशय काढावे लागतात. या कामाला अनेकदा दिवसाचा मोठा भाग लागतो.

त्यानंतर पोटात नळ्या व तापमापक ठेवून पंप आणि उष्णता देणाऱ्या यंत्रामार्फत द्रावण फिरवले जाते. पोट उघडे ठेवून किंवा तात्पुरते शिवून, अशा दोन्ही पद्धती रूढ आहेत. अपेंडिक्स व मोठ्या आतड्याच्या रोगासाठीच्या एका प्रचलित पद्धतीत सुमारे ३ लिटर द्रावणात प्रथम ३० मिलिग्रॅम मायटोमायसिन-सी घालतात, ६० मिनिटांनी आणखी १० मिलिग्रॅम देतात आणि एकूण ९० मिनिटे द्रावण फिरवतात. पोटात जाणारे द्रावण सुमारे ४२ अंश सेल्सिअस ठेवले जाते. याहून अधिक उष्णतेने निरोगी आतड्यालाही इजा होण्याचा धोका वाढतो. या काळात भूलतज्ज्ञ रुग्णाच्या शरीराचे तापमान, रक्तदाब आणि लघवीचे प्रमाण यांवर सतत लक्ष ठेवतात.

## रुग्णनिवड

निवडीत तीन प्रश्न विचारले जातात. पहिला प्रश्न रोगाच्या स्वभावाचा. ऊतीच्या तपासणीत अपेंडिक्सचा रोग मंदगतीचा, उच्च श्रेणीचा की सिग्नेट-रिंग पेशींचा, हे ठरते. मंदगतीच्या रोगात प्रसार खूप असला तरी शस्त्रक्रियेचा विचार होतो. सिग्नेट-रिंग प्रकारात थोडा प्रसारही लवकर उलटतो, म्हणून बहुधा आधी शिरेतून केमोथेरपी देऊन प्रतिसाद पाहिला जातो.

दुसरा प्रश्न प्रसाराच्या जागेचा. यकृत किंवा फुप्फुसात अनेक गाठी असतील, तर पोट धुऊन उपयोग नसतो. लहान आतड्याचा पृष्ठभाग किंवा त्याचा आंत्रबंध सर्वत्र आक्रसला असेल, तर तो भाग काढल्यावर पोषणापुरते आतडे उरत नाही. तिसरा प्रश्न रुग्णाच्या ताकदीचा. हृदय, फुप्फुसे, मूत्रपिंडे, पोषण आणि दैनंदिन हालचाल यांवरून तो एवढी शस्त्रक्रिया सोसेल का, हे पाहिले जाते. केवळ वयावरून सहसा नकार दिला जात नाही.

### निर्देशांकाचे उदाहरण

पेरिटोनियल कर्करोग निर्देशांकासाठी पोटाचे १३ भाग कल्पिले जातात. त्यांपैकी नऊ भाग पोटाचे व चार लहान आतड्याचे असतात. रोग नसल्यास ०, अर्ध्या सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीस १, पाच सेंटिमीटरपर्यंत २ आणि त्याहून मोठ्या किंवा एकमेकींत मिसळलेल्या गाठींस ३ गुण देतात. एकूण कमाल ३९ होते.

उदाहरणादाखल एक काल्पनिक रुग्ण घेता येईल. नागपूर जिल्ह्यातील ४८ वर्षांच्या एका स्त्रीचे अपेंडिक्स पोटदुखीमुळे काढले गेले. तपासणीत फुटलेली, मंदगतीची श्लेष्मयुक्त गाठ आढळली. वर्षभराने कंबरेचा घेर वाढला. शस्त्रक्रियेच्या वेळी पोटाचा मध्यभाग, उजवी वरची बाजू, उजवी खालची बाजू व ओटीपोट यांना प्रत्येकी ३, डाव्या वरच्या व उजव्या मधल्या बाजूला प्रत्येकी २, वरच्या मधल्या, डाव्या मधल्या व डाव्या खालच्या बाजूला प्रत्येकी १ गुण मिळाला. लहान आतड्याच्या चार भागांपैकी फक्त शेवटच्या भागात एक बारीक गाठ होती, म्हणून १ गुण. एकूण बेरीज २० झाली. लहान आतडे जवळजवळ मुक्त असल्याने तिच्यात पूर्ण शस्त्रक्रिया शक्य आहे आणि ती हायपेकसाठी योग्य रुग्ण ठरते.

आता दुसऱ्या रुग्णात पोटाच्या नऊही भागांत ०, पण लहान आतड्याच्या चारही भागांत प्रत्येकी ३ गुण आहेत, असे समजू. बेरीज फक्त १२ होते, तरीही शस्त्रक्रिया पूर्ण होऊ शकत नाही. पहिल्या स्त्रीला अपेंडिक्सऐवजी मोठ्या आतड्याचा कर्करोग असता, तर २० हा आकडा बहुतेक केंद्रांच्या मर्यादेच्या काठावर गेला असता. म्हणजे निर्देशांक हा एकटा निर्णय देत नाही. तो रोगाच्या प्रकाराशी आणि जागेशी जोडूनच वाचावा लागतो.

सीटी स्कॅनमध्ये लहान आतड्यावरील बारीक गाठी पुष्कळदा दिसत नाहीत. त्यामुळे प्रत्यक्ष निर्देशांक स्कॅनवरील अंदाजापेक्षा अधिक निघू शकतो. शंका असल्यास मोठी शस्त्रक्रिया ठरवण्यापूर्वी दुर्बिणीने पोट तपासले जाते.

## परिणामांचे पुरावे

अपेंडिक्सजन्य स्यूडोमिक्सोमाच्या २,२९८ रुग्णांचा आंतरराष्ट्रीय आढावा २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया व पोटातील केमोथेरपीनंतर मध्यक आयुर्मान १९६ महिने, तर दहा वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण ६३ टक्के आढळले. हे निवडक रुग्णांचे पूर्वलक्षी निष्कर्ष आहेत.

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाबाबत चित्र वेगळे आहे. फ्रान्समधील 'प्रोडिज ७' या चाचणीत २६५ रुग्णांच्या एका गटाला केवळ शस्त्रक्रिया आणि दुसऱ्याला शस्त्रक्रियेसोबत ऑक्सॅलिप्लॅटिनचे हायपेक दिले गेले. मध्यक आयुर्मान हायपेक गटात ४१.७ व दुसऱ्या गटात ४१.२ महिने, म्हणजे जवळजवळ सारखेच आढळले. उशिराच्या गंभीर गुंतागुंती मात्र हायपेक गटात अधिक होत्या. दोन्ही गटांतील दीर्घ आयुर्मानामुळे चांगल्या शस्त्रक्रियेचे महत्त्व स्पष्ट झाले. तिसऱ्या टप्प्यातील अंडाशयाच्या कर्करोगात, आधी केमोथेरपी देऊन मग शस्त्रक्रिया केलेल्या रुग्णांवरील नेदरलँड्समधील २०१८ च्या चाचणीत सिस्प्लॅटिनच्या हायपेकने मध्यक आयुर्मान ३३.९ वरून ४५.७ महिन्यांवर गेले. पेरिटोनियमच्याच मेसोथेलिओमा या दुर्मीळ कर्करोगातही निवडक रुग्णांना हा उपचार दिला जातो.

## गुंतागुंत

सर्वांत धोकादायक गुंतागुंत म्हणजे आतड्याचा जोड गळणे. ताप, वाढती नाडी, वाढते पोटदुखणे किंवा निचरा-नळीतून पित्त वा विष्ठेसारखा द्रव येणे ही त्याची लक्षणे आहेत. मायटोमायसिनमुळे साधारण पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी घटतात. तेव्हा संसर्गाची लक्षणे सौम्य भासू शकतात, म्हणून रक्ततपासण्या वारंवार केल्या जातात. सिस्प्लॅटिनमुळे मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. प्लीहा काढलेल्या रुग्णांना विशिष्ट जिवाणूंविरुद्ध लस द्यावी लागते. वर उल्लेखिलेल्या २०१२ च्या आढाव्यात उपचाराशी संबंधित मृत्यूचे प्रमाण २ टक्के, तर गंभीर गुंतागुंतीचे २४ टक्के होते.

## नागपूर व विदर्भातील संदर्भ

नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आणि जामठा येथील राष्ट्रीय कर्करोग संस्था ही कर्करोगाची प्रमुख रुग्णालये आहेत. विदर्भाबरोबरच मध्य प्रदेश व छत्तीसगडमधील रुग्णही उपचारासाठी या शहरात येतात. राज्यात हायपेक करणाऱ्या केंद्रांपैकी टाटा स्मारक रुग्णालय मुंबईत, नागपूरपासून रेल्वेने सुमारे ८०० किलोमीटरवर आहे.

या अंतरामुळे निवडीसाठी लागणारी कागदपत्रे व नमुने रुग्णासोबत असणे महत्त्वाचे ठरते. अपेंडिक्सची साधी वाटणारी शस्त्रक्रिया अनेकदा तालुक्याच्या ठिकाणी होते. काढलेले अपेंडिक्स ऊती-तपासणीला पाठवलेच नाही, तर मंदगतीची गाठ लक्षात येत नाही आणि रोग पोट फुगल्यावरच उघड होतो. तपासणी झाली असल्यास केवळ लेखी अहवाल पुरत नाही. मेणात जतन केलेला ऊतीचा ठोकळा व काचपट्ट्या, पहिल्या शस्त्रक्रियेची नोंद आणि अलीकडचा सीटी स्कॅन तज्ज्ञ केंद्रात पुन्हा पाहिले जातात. अपेंडिक्सच्या रोगाची श्रेणी पुनर्तपासणीत बदलू शकते आणि त्याबरोबर उपचाराचा क्रमही बदलतो.