‘मोठ्या सुधारणा अपेक्षित’ : एका पत्राची कुळकथा

आलापल्लीहून आलेल्या एका फोनने मला सुधारणा मागणाऱ्या पत्राच्या कुळाचा शोध घ्यायला लावलं. तिथल्या एका तरुण प्राध्यापकाने आमच्या षण्मासिकाला मोहफुलांवरचा शोधनिबंध पाठवला होता. चार पाड्यांतली साठ घरं, दोन हंगामांची वेचणी आणि त्यातून घरात येणारा पैसा, असा विषय. दोन परीक्षकांनी तो वाचला आणि संपादक म्हणून मी त्याला दोन ओळी लिहिल्या : ‘परीक्षकांचे अभिप्राय सोबत जोडले आहेत. त्यानुसार मोठ्या सुधारणा करून निबंध पुन्हा पाठवावा.’ चार महिने काहीच उत्तर आलं नाही. मग एके दिवशी त्याचाच फोन आला, “सर, तो नाकारलेला निबंध दुसरीकडे पाठवू का?”

मी निबंध नाकारला नव्हता, पण माझ्या पत्रातून त्याला तेच कळलं होतं. असं का व्हावं, याचं उत्तर अशा पत्राच्या जन्मात आहे.

लंडनच्या रॉयल सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डनबर्ग यांनी 1665 मध्ये ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ सुरू केलं, तेव्हा काय छापायचं ते स्वतःच ठरवत. 1752 पासून ते काम एका समितीकडे गेलं आणि समिती मतदानाने निर्णय करू लागली. लेखी परीक्षण आलं ते 1830 नंतर. विल्यम व्हीवेल यांनी सुचवलं की सोसायटीकडे आलेल्या निबंधांवर जाणकारांनी अहवाल लिहावेत. पहिला निबंध होता जॉर्ज एअरी यांचा, पृथ्वी आणि शुक्र यांच्या गतीतल्या एका सूक्ष्म फरकावरचा. परीक्षक होते स्वतः व्हीवेल आणि जॉन लबक.

पहिल्याच अहवालावर दोघांचं वाजलं. व्हीवेल यांना निबंधाचं मोल चारचौघांना सांगायचं होतं, तर लबक यांना त्यातल्या उणिवा दाखवायच्या होत्या. एअरी काही बदलायला तयार नव्हते. अखेर लबक यांनी माघार घेतली आणि 1832 मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला.

या भांडणातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. हा अहवाल लेखकासाठी लिहिलेला नव्हता. तो सोसायटीसाठी होता. पुढे असे अहवाल गोपनीय झाले, तरी त्यांचा वाचक बदलला नाही. परीक्षक लेखका*विषयी* लिहीत होता, लेखका*ला* नाही. पाठीमागे बोललेलं माणसाच्या हाती तसंच्या तसं दिलं तर ते टोचणारच.

मधला दुवा झाले जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स. 1854 ते 1885 अशी एकतीस वर्षं ते सोसायटीचे चिटणीस होते. परीक्षकांचे अहवाल त्यांच्याकडे येत आणि लेखकांना पत्र ते स्वतः लिहीत. परीक्षकाचं म्हणणं त्याचं नाव न सांगता पोचवायचं, त्यात स्वतःची सूचना घालायची, काय दुरुस्त करावं ते सांगायचं, अशी त्यांची पद्धत होती. सुधारणा मागणाऱ्या पत्राचा मूळपुरुष मी त्यांना मानतो. अहवाल आणि पत्र या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे त्यांच्या कामातून दिसतं.

हा मधला दुवा कच्चा राहिला की काय होतं, ते 1936 मध्ये दिसलं. गुरुत्वीय लहरी नसतातच, असा निष्कर्ष काढणारा निबंध आइन्स्टाइन आणि नेथन रोझेन यांनी ‘फिजिकल रिव्ह्यू’ला पाठवला. संपादक जॉन टेट यांनी परीक्षकाचा दहा पानी अभिप्राय सोबत जोडून नम्रपणे कळवलं की यावर आपलं म्हणणं कळलं तर बरं होईल. आइन्स्टाइन रागावले. निबंध छापायला दिला होता, छापण्याआधी कुणा तज्ज्ञाला दाखवायला नव्हे, असं कळवून त्यांनी तो परत घेतला. निबंध 1937 मध्ये दुसऱ्या नियतकालिकात आला, पण मूळ चूक सुधारून आणि निष्कर्ष फिरवून. परीक्षक हॉवर्ड रॉबर्टसन यांचं म्हणणं बरोबर होतं. टेट यांच्या पत्रात सौजन्याची कमतरता नव्हती. पण दहा पानांतलं नेमकं काय बदललं म्हणजे निबंध छापता येईल, ते त्यात नव्हतं.

मराठीतही या पत्राची एक शाखा आहे. ‘सत्यकथा’चे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना सविस्तर पत्रं लिहून कथेचं पुनर्लेखन करायला सांगत. ‘साभार परत’ या दोन शब्दांची धास्ती घेतलेल्या पिढीला अशा पत्राची किंमत माहीत होती. कथा परत आली तरी पुढचं काम कुठे आहे, ते त्यात लिहिलेलं असे.

आता माझ्या पत्राकडे येतो. मी अहवाल जसेच्या तसे जोडले होते. पहिल्या परीक्षकाने लिहिलं होतं, ‘लेखकाला संशोधनपद्धतीचा गंध नाही.’ दुसऱ्याने सात मागण्या केल्या होत्या. त्यांत आणखी तीन वर्षांची पाहणी होती आणि भामरागडशी तुलनाही होती. त्या तरुणाने अहवाल वाचून हातच टेकले.

मी दोन्ही अहवाल पुन्हा वाचले आणि प्रत्येक वाक्यापुढे एक प्रश्न मांडला : हे केलं नाही तर निबंध चुकीचा ठरेल का? ‘हो’ असं उत्तर फक्त तीन ठिकाणी आलं. मग पत्र नव्याने लिहिलं.

‘स. न. वि. वि.

आपला निबंध या अंकात आहे तसा घेता येत नाही, पण तो नाकारलेला नाही. साठ घरांचा दोन हंगामांचा हिशेब ही त्याची खरी ताकद आहे. पुढील तीन बदल आवश्यक आहेत.

1. साठ घरं कशी निवडली ते लिहावं. ओळखीतून निवडली असतील तर तसं स्पष्ट नोंदवावं.

2. लोकांनी वेचणी पायलीत सांगितली, तक्ता मात्र किलोत आहे. पायली ओल्या फुलांची की वाळलेल्या, आणि एका पायलीचे किती किलो धरले, ते द्यावं. मोजलं नसेल तर तीन-चार घरांतल्या साठवणीतली वाळलेली पायली तोलून पाहावी.

3. “उत्पन्न दुप्पट झालं” या विधानाला आधीच्या वर्षांचा आधार नाही. तो द्यावा किंवा विधान काढावं.

भामरागडशी तुलना ऐच्छिक आहे. तीन वर्षांची नवी पाहणी या निबंधासाठी लागणार नाही.

एखादा मुद्दा पटला नाही तर बदल न करता कारण लिहावं. प्रत्येक मुद्द्यापुढे काय केलं आणि कोणत्या पानावर, ते कळवावं. मुदत नव्वद दिवसांची आहे, ती वाढवता येईल. सुधारलेला निबंध दुसऱ्या परीक्षकाकडे पुन्हा जाईल. स्वीकृतीची हमी आज देता येत नाही.’

गंध नसल्याचं वाक्य गाळलं, पण त्यामागचा मुद्दा पहिल्या क्रमांकावर आहे. आदर राखायचा म्हणजे दोष सौम्य करायचा नाही. दोष निबंधाचा आहे, माणसाचा नाही, एवढं वाक्यरचनेत पाळायचं. ‘तुम्ही मोजलं नाही’ याऐवजी ‘पायली ओली की वाळलेली’ असं विचारलं की पुढचं काम आपोआप दिसतं. अखेरच्या ओळीतला खरेपणाही आदराचाच भाग आहे. खोटी आशा लावून लेखकाचे तीन महिने घेणं बरं नव्हे.

दोन महिन्यांत निबंध परत आला. त्याने पायली तोलली, तेव्हा काही घरांनी ओली आणि काहींनी वाळलेली फुलं सांगितल्याचं निघालं. तक्ता नव्याने झाला आणि ‘दुप्पट’ हा शब्द त्याने स्वतः काढला. भामरागडच्या मुद्द्यापुढे त्याने लिहिलं, ‘तिथे मी राहिलेलो नाही, म्हणून तुलना करत नाही.’ आम्ही ते मान्य केलं.

संपादकांना एवढीच विनंती : परीक्षकांचे अहवाल जोडून देणं म्हणजे पत्र लिहिणं नव्हे. ते काम आपलं आहे.