एक क्रांतिकारक, दोन निकाल



आमच्या वसईच्या महिला मंडळाने 15 ऑगस्टला क्रांतिकारकांच्या माहितीचे फलक लावायचे ठरवले. विनायक दामोदर सावरकरांचा फलक माझ्याकडे आला. मला वाटले, चार ओळी तर लिहायच्या, दुपारच्या कामातून होईल. पण पुस्तके उघडली तर अटकेच्या तीन तारखा आणि निकालाच्या दोन! एकीत 13 मार्च 1910, दुसरीत 8 जुलै, तिसरीत 22 जुलै. आता फलकावर कोणती लिहायची?

मग प्रत्येक तारखेसमोर मी लिहून काढले, की त्या दिवशी नेमके काय झाले. 13 मार्चला लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवर पोलिसांनी त्यांना धरले. वॉरंट त्याआधीच निघालेले होते. 8 जुलैला सकाळी मार्सेलिस बंदरात बोटीच्या खिडकीतून त्यांनी समुद्रात उडी घेतली आणि किनाऱ्यावर पुन्हा पकडले गेले. 22 जुलैला कैदी मुंबईत पोचला. म्हणजे तिन्ही तारखा खऱ्याच आहेत. पण मूळ अटक पहिली. दुसऱ्या दिवशी आधीच कैदेत असलेला माणूस निसटून पुन्हा हाती लागला, आणि तिसरी फक्त पोचल्याची तारीख आहे.

मार्सेलिसच्या तारखेला तर बाहेरचा साक्षीदार मिळतो. फ्रान्सच्या भूमीवर पकडले म्हणून इंग्लंड-फ्रान्समध्ये वाद झाला आणि तो हेगच्या लवादापुढे गेला. 24 फेब्रुवारी 1911 च्या त्या निवाड्यात सगळा घटनाक्रम दिलेला आहे. मुंबईच्या पोलिसांशी त्या कागदाचा संबंध नाही, म्हणून तो जुळला की खात्री वाटते.

पोलिसांचे कागद वाचताना एक काळजी घ्यावी लागते. त्यांचे गुप्त गोषवारे दर आठवड्याला लिहिले जात. वरची तारीख गोषवाऱ्याची असते, घटनेची नव्हे. घाईत वरचीच उतरवली की चार-पाच दिवसांची चूक होते, आणि मग ती एका पुस्तकातून दुसऱ्यात जाते. मी आणखी एक घरगुती उपाय करते, तो म्हणजे वार काढून बघायचा. 13 मार्च 1910 ला रविवार येतो. अटकेला रविवार चालतो. पण कुठे निकालाची तारीख रविवारी आली, तर आधी शंका घ्यावी, कारण कोर्ट तेव्हाही रविवारी बंदच असे.

निकालाच्या बाबतीत मात्र मी स्वतःच चुकणार होते. मी कच्च्या कागदावर लिहिले होते, ‘नाशिक खटल्यात 24 डिसेंबर 1910 रोजी 50 वर्षांची शिक्षा.’ तसे नाही. त्या दिवशी, शनिवारी, जो निकाल लागला तो सरकारविरुद्ध कट केल्याचा. त्यात जन्मठेप, म्हणजे 25 वर्षे काळे पाणी, आणि मालमत्ता जप्त. कलेक्टर जॅक्सनच्या खुनाला मदत केल्याचा खटला वेगळा. त्याचा निकाल 30 जानेवारी 1911 ला, सोमवारी लागला आणि आणखी एक जन्मठेप झाली. दोन्ही एकामागून एक भोगायच्या होत्या. म्हणून अंदमानात गळ्यातल्या बिल्ल्यावर सुटकेचे साल 1960 होते. 1910 मध्ये 50 मिळवून बघा, हिशोब बरोबर जुळतो. एकच जन्मठेप असती तर 1935 आले असते.

आणखी एक घोटाळा नावाचा. प्रत्यक्ष जॅक्सनवर गोळी झाडणाऱ्या अनंत कान्हेरेंचाही खटला ‘नाशिकचा’च. त्याचा निकाल 29 मार्च 1910 चा, आणि 19 एप्रिलला ठाण्याच्या तुरुंगात फाशी. आपली वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होती. नुसते ‘नाशिक खटला’ म्हटले की एकाचा निकाल दुसऱ्याच्या नावावर जातो. म्हणून आरोपीचे नाव, आरोप आणि तारीख या तिन्ही गोष्टी एका ओळीत लिहाव्यात.

एरवी अपिलाची तारीख बघून मूळ निकाल पडताळता येतो. इथे तीन न्यायाधीशांचे खास न्यायालय होते. पंच नव्हते आणि अपिलाची सोयही नव्हती, त्यामुळे तो मार्ग बंद. उरतो तो निकालपत्राचा छापील कागद आणि तुरुंगातली नोंद. ते दोन जुळले, की झाले.

आता फलकावर एका ओळीच्या जागी तीन ओळी आहेत. अक्षरे बारीक झाली म्हणून मंडळातल्या काकी कुरकुरल्या. पण माणसावर कोणता आरोप कोणत्या दिवशी सिद्ध धरला गेला, हे एका ओळीत कोंबले असते तर कटाच्या निकालावर खुनाचा आरोप चिकटला असता. तेवढी जागा त्याला द्यायलाच हवी होती.