वास्तव परतावा
ठेवीवरील व्याजातून महागाईचा परिणाम वजा केल्यावर उरणारी कमाई. पावतीवर छापलेला व्याजदर हा नाममात्र परतावा असतो. त्यावरून रुपये किती वाढले ते कळते, त्या रुपयांत काय येईल ते कळत नाही.

2020-21 मध्ये मोठ्या बँकांचा वर्षभराच्या मुदत ठेवीचा दर सुमारे 5 टक्के होता, तर देशातील किरकोळ महागाई सरासरी 6.2 टक्के. समजा, यवतमाळातील एका शेतकऱ्याने कापूस विकून आलेले 1,00,000 रुपये त्या दराने ठेवले. वर्षाने त्याच्या हाती 1,05,000 आले. ही रक्कम 1.062 ने भागली की सुमारे 98,900 उरतात. म्हणजे खरेदीशक्ती अकराशे रुपयांनी घटली. पासबुकात मात्र वाढच दिसते, म्हणून ही झीज लक्षात येत नाही.

शेतीचे उत्पन्न करमुक्त असले तरी ठेवीचे व्याज करपात्र असते, आणि कर आकारला जातो तो नाममात्र व्याजावर. करपात्र ठेवीदाराचा तोटा त्यामुळे आणखी वाढतो. शिवाय 6.2 ही देशाची सरासरी. त्या वर्षी खाद्यतेल कडाडले होते, तेव्हा ज्या घरात किराण्याचाच खर्च मोठा, तिथली महागाई वेगळी निघते.