विटांचा अदमास
विटांचा अदमास : बांधावयाच्या भिंतीची लांबी, उंची व जाडी आणि विटेचा आकार यांवरून लागणाऱ्या विटांची संख्या बांधकामापूर्वी काढून, तीत तुटफुटीची भर घालण्याची रीत. संख्या कमी धरल्यास काम मध्येच थांबते, आणि पुढे दुसऱ्या भट्टीची वीट आणावी लागून थरांची उंची जुळत नाही.

हिशेबाचा पाया म्हणजे विटेचे माप, आणि ते कागदावरून न घेता प्रत्यक्ष विटेवरून घ्यावे. खानदेशातील काळी माती नुसती वापरल्यास वाळताना तडकते, म्हणून वीट पाडणारे तीत गाळ व राख मिसळतात. तरीही वाळताना आणि भाजताना वीट आक्रसते, आणि साचा नऊ इंची असला म्हणजे वीटही नऊ इंची भरेल, असे नाही. यासाठी ढिगाच्या निरनिराळ्या भागांतून वीस विटा काढून त्या एका ओळीत, टोकाला टोक भिडवून मांडाव्या आणि एकंदर लांबी विसाने भागावी. ओळ पंधरा फूट भरली तर वीट नऊ इंचांची. चौदा फूट सात इंचच भरली तर ती पावणेनऊचीच समजावी. रुंदी आणि उंचीचीही अशीच परीक्षा करावी.

या मापात दर्जेची, म्हणजे दोन विटांमधील मसाल्याच्या सांध्याची, जाडी मिळवावी लागते. उदाहरणादाखल, धुळ्यात पांझरेच्या उत्तर काठी असलेल्या देवपुरात वीस फूट लांब, दहा फूट उंच व नऊ इंच जाड अशी घराची एक भिंत घालावयाची आहे, वीट ९ × ४¼ × ३ इंच आहे आणि दर्ज अर्ध्या इंचाची आहे, असे धरू. दर्शनी क्षेत्रफळ २०० चौरस फूट. त्यातून साडेतीन फूट रुंद व सात फूट उंच दरवाजाचे २४½, चार फूट रुंद व साडेतीन फूट उंच खिडकीचे १४, आणि दोहोंवरील सहा इंच उंचीच्या लिंटेलचे ४¾ चौरस फूट वजा जाता १५६¾ चौरस फूट उरतात. लिंटेलची वजावट पुष्कळदा विसरली जाते, कारण ते विटेच्या अंगात लपलेले असते.

पुढील पायरीवर बहुतेकांची चूक होते. एकूण घनफळ काढून त्याला दर्जेसह विटेच्या घनफळाने (९½ × ४¾ × ३½) भागण्याची रूढ पद्धत दिसावयास निर्दोष असली, तरी तिने या भिंतीस सुमारे १,२८६ विटा येतात, आणि त्या अपुऱ्या पडतात. कारण असे की, नऊ इंच जाडीत सव्वाचारच्या दोन विटा व त्यांमधील एकच दर्ज मावते. भिंतीच्या बाहेरच्या अंगाला दर्ज नसते, आणि भागाकार मात्र प्रत्येक विटेमागे एक दर्ज धरून जाडी साडेनऊची असल्यासारखा चालतो. म्हणून जाडी इंचांत न मोजता विटांत मोजावी आणि हिशेब दर्शनी अंगावरून करावा : एका विटेचे दर्शनी अंग दर्जेसह ९½ × ३½, म्हणजे ३३¼ चौरस इंच, त्याने १४४ ला भागले असता चौरस फुटास ४.३३ विटा, आणि जाडीत दोन विटा असल्याने त्याच्या दुप्पट, ८.६६. यास १५६¾ ने गुणिले असता सुमारे १,३५८ विटा येतात. काही थर आडव्या विटांचे असले, म्हणजे विटेचे तोंड दर्शनी बाजूस आले, तरी संख्या हीच राहते. दर्ज अजिबात न धरणाऱ्याचा अदमास उलट १,६७२ वर जातो. भारतीय मानकाची १९ × ९ × ९ सेंटिमीटरची वीट घनमीटरास ५०० धरतात, तेव्हाही १९ सेंटिमीटरची भिंत हिशेबापुरती २० ची मानावी लागते, त्याचे मर्मही हेच आहे.

तुटफुटीची भर विटेची जात पाहून ठरवावी. दोन विटा एकमेकींवर आपटल्या असता खणखणीत नाद आला, आणि सुमारे तीन फुटांवरून मातीवर सोडलेली वीट अभंग राहिली, तर शेकडा पाच पुरेत. नाद बद्द असेल, कडा हाताने झडत असतील, किंवा ट्रॉलीतून विटा ओतून रित्या करावयाच्या असतील, तर शेकडा दहा धरणे शहाणपणाचे. पहिल्या हिशेबाने १,४२६, दुसऱ्याने १,४९४ विटा होतात, आणि वीट हजारावर विकली जात असल्याने दुसऱ्या प्रसंगी दीड हजार मागवाव्या. मोजणी भट्टीवर झाली की कामावर उतरल्यावर, हे मक्तेदाराशी आधी ठरवावे. भट्टीवर मोजलेल्या मालातील वाटेतील फूट घरमालकाच्या खाती पडते. मोडलेले सर्वच तुकडे वाया जात नाहीत, हेही ध्यानी घ्यावे. कोपऱ्यात आणि दरवाजाच्या बाजूंस सांधे एकावर एक येऊ नयेत म्हणून गवंडी मुद्दाम अद्धे व पाव विटा तोडतो, त्यांजागी नीट तुटलेला तुकडा खपतो. भर केवळ न खपणाऱ्या चुऱ्याची असते. कच्ची राहिलेली वीट मात्र अखंड असूनही बाद धरावी, आणि ती ओळखण्यास सोपी : पाण्यात भिजत ठेवली असता तिच्या कडा विरघळून पाणी गढूळ होते.